त्रेचाळिसावं पान

आजीच्या पाककृतींच्या वहीचे फोटो बिबवेवाडीहून आले आणि मी बर्लिनमध्ये टाइप करायला बसलो. शाई इतकी उडाली होती की फोटो मोठा आणि गडद केल्याशिवाय अक्षर लागत नव्हतं.

बेचाळिसाव्या पानानंतर थेट पंचेचाळिसावं आलं. मधे आजीचा तो प्रसिद्ध काळा मसाला असायचा.

"ते पान उंदरांनी खाल्लं," आजी फोनवर म्हणाली. "राहू दे. तुझ्या आईच्या हाताला ती चव कधी आलीच नाही."

हे मी लहानपणापासून ऐकतोय. आई खाली मान घालून पोळ्या लाटायची.

उंदरांनी नेमकं तेवढंच पान खाल्लं होतं. पण वही वर्षानुवर्षं मिटलेली असल्याने त्याची शाई समोरच्या बेचाळिसाव्या पानावर फिकट, उलटी उमटली होती. मी फोटो आरशासारखा फिरवला, निळा रंग वाढवला. धणे एक किलो, सुकं खोबरं पाव किलो, दगडफूल... एकेक ओळ लागत गेली. सगळ्यात शेवटी शीर्षक लागलं. आजीच्याच अक्षरात.

 

'सूनबाईच्या माहेरचा काळा मसाला. तिला विचारून लिहून घेतला.'