तंबूचं अस्तर

"बाकीचे पाच कुठायत?" विजयाबाईंनी पेनचं टोपण काढून पुन्हा बसवलं.

सकाळची वेळ. बाईंच्या घरी टेबलावर एकच जाकीट होतं. पिवळं, सुती, चुणीदार, गळ्याशी बांधायचे बंद असलेलं. शेजारी सहा पोशाखांचे सहा फोटो, रेखाचित्रं आणि संग्रहाचं निवेदन. मुंबईच्या फॅशन कॉलेजला हे सगळं आज संध्याकाळच्या टपालानं गेलं नाही, तर यशोधराचं वर्ष गेलंच म्हणून समजा. आणि त्याला एका शिक्षिकेचा दाखला लागत होता : सहाही पोशाख उमेदवारानं स्वतः शिवले, मी समक्ष पाहिले.

आता शिवणाच्या बाई म्हणून भिंगारात विजयाबाईंचा दरारा असा, की शाळेतून निवृत्त होऊन वर्षं झाली तरी बाजारातले शिंपी त्यांना पाहून कॉलर सरळ करत. बाई नाकासमोर चालणाऱ्या. खोट्या सहीपेक्षा हात तोडून देतील.

"निवेदन छान आहे गं," बाई म्हणाल्या आणि मोठ्यानं वाचायला लागल्या. "'लष्कराच्या लिलावातल्या जुन्या तंबूच्या अस्तरावर हा संग्रह उभा आहे. कापडाचे तुकडे मिळाले तसेच, चौकोनी ठेवले. बगल किंवा गळा गोल कापला नाही, त्यामुळे कतरण पडली नाही. आकार दिला तो चुण्यांनी, घड्यांनी आणि बंदांनी. रफू लपवलं नाही. पोशाख नको झाला की उसवून कापड पुन्हा वापरता येईल.' वा! सहाही एकाच रंगात ठेवलेस, हाही धीटपणाच. पण पोरी, मी फोटोवर सही करत नाही. पोशाख आण."

यशोधरानं फोटो उगाच एका रेषेत लावले.

"अवो बाई, समदे तिनंच शिवलेत," तिची आई चांगुणाबाई न राहवून बोलली. "माज्या डोळ्यांम्होरं. म्या पाह्यलेत."

"मग मलाही दाखवा की!"

चांगुणाबाईनं लेकीकडं पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. पोरीनं शपथ घातली होती.

बाईंचा आवाज चढला. "शिंप्याच्या दुकानातून फोटोपुरते मागून आणलेस का? खरं सांग."

"नाही हो बाई! माझेच आहेत." यशोधराच्या डोळ्यांत पाणी आलं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, तशी गत झाली होती बिचारीची.

बाईंनी रागारागानं जाकीट उलटं केलं. शिवण बघायची सवय, दुसरं काय! पण उलटं केलं आणि त्या थबकल्या. शिवणीच्या बाजूला सुईच्या बारीक भोकांची ओळ होती, दोरा नसलेली. तिच्याजवळ दुसरी. मग आणखी एक, आडवी. घट्ट विणीच्या कापडात भोकं राहतात, ती लपत नाहीत. बाईंनी चष्मा लावला. जाकिटाच्या खांद्यावर एक रफू होतं, वेडंवाकडं. फोटोतल्या घागऱ्याच्या घेरावर तेच रफू. झग्याच्या छातीवरही तेच. एकेक फोटो उचलून त्यांनी ते सहाही ठिकाणी शोधून काढलं.

"कापड केवढं होतं?" त्यांनी हळू विचारलं.

"एवढंच." यशोधरानं जाकिटावर हात ठेवला. "लिलावाच्या मालातून पप्पांनी एवढंच आणलं होतं, बाई. एक शिवला, शेजारच्या माधुरीताईला घालून फोटो काढला, उसवला. त्यातूनच दुसरा. टाका मोठा ठेवला आणि वरच्या दोऱ्याचा ताण सैल केला, की खालच्या बॉबिनचा दोरा ओढल्यावर शिवण सुटते. कापडाला धक्का लागत नाही."

"मग हे निवेदनात का नाही लिहिलंस?"

"लाज वाटली. बाकीच्या मुली कपाट भरून आणतील. माझी एक चिंधी बघून हसतील सगळे."

बाईंनी जाकीट हळूच सुलट केलं. इतक्या मुलींना त्यांनी शिवण शिकवलं, पण कापड वाचवायचं म्हणून स्वतःचं झालेलं काम पुन्हापुन्हा उसवणारी एक भेटली नव्हती. त्यांचा ऊर भरून आला, आणि ते लपवायला त्या चांगुणाबाईवरच खेकसल्या, "बघत काय बसलात? चहा टाका. स्वयंपाकघर तिकडं आहे."

मग त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला. "निवेदन नव्यानं लिही. पहिल्याच वाक्यात कापडाचं सांग. लाजायचं काम नाही. पण सही मी पाहिल्याशिवाय करणार नाही हं, आधीच सांगते." आणि आपल्या मशीनवरची खोळ त्यांनी स्वतः काढली. "बस. ओढ दोरा."

यशोधरानं डोळे पुसले आणि दोरा ओढला. जाकीट सरसर सुटलं, टेबलावर नुसते चौकोन उरले. त्या चौकोनांचा घागरा झाला. घागऱ्याचा झगा, आणि असं करत शेवटी पुन्हा तेच जाकीट. सरळ शिवणी, हात सरावलेला, मशीन थांबेचना. बाई प्रत्येक पोशाख फोटोशी ताडून बघत, मान डोलवत आणि पुढचा शिवायच्या आधी स्वतः दोरा ओढायला हात पुढं करत. चांगुणाबाईचा चहा दोनदा निवला.

टपालाची वेळ झाली, निवेदनही नव्यानं लिहून झालं, तेव्हा बाईंनी पेन उघडलं आणि दाखल्यावर आपल्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलं : "सहाही पोशाख माझ्यासमोर शिवले, मी समक्ष पाहिले. कापड सगळं शिल्लक आहे."