दोन वितींवरून

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मंजुळाबाईंचा फोन आला. जळगावात मुलाकडे राहणारे निवृत्त चित्रकला शिक्षक रतिलाल सर तेव्हा चहा पीत होते. मंजुळाबाई शिरपूरच्या पुढच्या एका गावातून बोलत होत्या. त्यांची मुलगी सुलक्षणा शाळेत सरांची विद्यार्थिनी होती, आता धुळ्यात चित्रकला महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला होती.

आदल्या संध्याकाळी तिने एसटीतून एक चित्र पाठवलं होतं. सोबत चिठ्ठी नव्हती. पाच महिन्यांत आईला तिच्याकडून आलेलं हे पहिलंच काही.

पाच महिन्यांपूर्वी तिचे वडील वना वारले. लकवा झाल्यापासून ते चौदा महिने खाटेवर होते. सुलक्षणा भेटायला आली तेव्हा मंजुळाबाईंनीच तिला परीक्षेसाठी परत धाडलं. रोज फोनवर ‘बरं शे’ एवढंच सांगितलं. तिसऱ्या दिवशी वना गेले. मुलगी पोहोचली तेव्हा चिता विझली होती.

“पोरनी माले पाठमोरी काढी, सर,” मंजुळाबाई म्हणाल्या. “मी तिले पाठ दखाडी, असं म्हनस ती. साडेबाराना गाडीले परत धाडी देस.”

“फोटो पाठवता येईल का कुणाकडून?”

“बठ्ठा गावले दखाडू का?” त्यांचा स्वतःचा फोन बटणांचा होता. चित्र गोधडीत गुंडाळून ठेवलेलं होतं.

सरांनी कप खाली ठेवला. चित्र न बघता ते चांगलं की वाईट, रंग कसे लागलेत, हात कुठे थरथरला, हे सांगता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट केलं. पण काय काढलंय आणि कुठून पाहिलंय, ते विचारून काढता येईल. अट एकच. वर्गात मुलांना घालायचे तीच. आधी जे दिसतं ते सांगायचं. अर्थ शेवटी.

“काय दिसतं, अक्का?”

“पोरना राग.”

“राग दिसत नाही. वस्तू सांगा.”

मंजुळाबाईंनी गोधडी सोडली. स्वतःचं घर. चूल, चुलीपुढे बसलेली त्यांची पाठ. डावीकडे जमिनीवर पाण्याचा हंडा. वर भिंतीला डब्यांची फळी.

“हंड्याचं तोंड कसं काढलंय? भाकरीसारखं गोल, की चपटं?”

“गोल नही. सरळ रेघ. पट्टीवरी काढेल.”

“आतलं पाणी दिसतं?”

“नही.”

“फळीची खालची बाजू दिसते?”

“दिसस. कोळीनं जाळं बी काढेल शे मेलीनी.”

“आणि चुलीचं तोंड? वरून दिसतं का?”

“थोडंसं.”

सरांनी तिन्ही उत्तरं मनात जुळवली. बघणाऱ्याची नजर वर असेल तर हंड्याच्या तोंडाचा गोल दिसतो. नजर बरोबर काठाच्या उंचीला आली की त्याची रेघ होते. फळी त्या नजरेच्या वर होती, म्हणून खालून दिसली. चूल खाली होती, म्हणून वरून. रेघ चुकून आली असती, तर बाकीच्या दोन गोष्टी तिच्याशी जुळल्या नसत्या.

“घरातला तो हंडा मोजा. जमिनीपासून काठापर्यंत किती विती?”

“तुम्हले चित्र इचारं, तुम्ही भांडा मोजी ऱ्हायनात.” पण त्या उठल्याचं ऐकू आलं. “दोन. वर दोन बोटं.”

“उभ्या माणसाची नजर एवढी खाली नसते. खुर्चीवर बसलेल्याचीही नसते. घरात त्या उंचीवर काय आहे?”

मंजुळाबाई घरभर नजर फिरवू लागल्या.

“चित्रात खाट आहे का?” सरांनी विचारलं.

“नही.” आवाज उतरला होता. “खाट नही काढी तिनी.”

“जिथून बघतोय ती जागा चित्रात येत नाही, अक्का. हे खाटेवर पडलेल्या माणसाला दिसलेलं आहे. सुलक्षणा त्यांच्या उशाशी डोकं टेकून बसली असेल, नाहीतर नंतर स्वतः तिथे आडवी झाली असेल. ते मला सांगता येणार नाही. ते तिलाच विचारा.”

“मंग त्यास्लेबी मनी पाठच दिसनी.”

“पाठ काय करतेय, ते बघा. उजवा हात कुठे आहे?”

“मी चूल फुकस ना. हात तोंडले शे.”

“हातात फुंकणी आहे?”

“पदर शे.” मग सावकाश, “फुकनी खाले पडेल शे.”

“खांदे सारखे आहेत?”

“नही. वर उचलेल शेत.”

“चुलीत कुठला रंग आहे? लाल, पिवळा?”

“काळा.”

“धूर?”

चौदा महिने मंजुळाबाई नवऱ्यासमोर कधी रडल्या नव्हत्या. रडू आलं की चुलीकडे तोंड करून बसायच्या. खाटेवरून वना काही विचारायचे, तेव्हा उत्तर ठरलेलं असायचं: डोयामा धूर गया.

“अक्का, धूर आहे का चित्रात?”

“नही, सर,” त्या म्हणाल्या. “चूल पेटेलच नही.”

साडेबाराची गाडी पार्सल न घेता गेली. संध्याकाळी सातपर्यंत मंजुळाबाईंनी धुळ्याला नऊ वेळा फोन लावला. सुलक्षणाचा फोन बंद होता.