चालता चालता

दस्तगीर मुलाणी मशिदीतून बाहेर पडला तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. त्यानं चपला पायात सरकवल्या आणि मान खाली घालून घराची वाट धरली. मशिदीतला नवा संडास अजून अर्धवट होता, म्हणून रमजानचे शेवटचे दहा दिवस मशिदीतच मुक्काम करून इतिकाफला बसलेल्या माणसाला घरी जायची मुभा होती. तेवढ्यापुरतीच.

विसाव्या रोजाला, दिवस बुडायच्या आत, तो पडदा लावून कोपऱ्यात बसला तेव्हाच मौलानांनी त्याला सगळं समजावलं होतं. ईदचा चाँद दिसेपर्यंत मशीद सोडायची नाही. "जिथं नमाज होते तेवढीच मशीद. चपलांची जागा, हातपाय धुवायची वजूची टाकी, हे हद्दीबाहेर. वजू झाली की लगेच आत यायचं. उकडतंय म्हणून अंघोळीला गेलात, मयतीला गेलात, आजाऱ्याला भेटायला गेलात, तर इतिकाफ तुटला. रोजा मोडलात तरी तुटला." मग दस्तगीरच्या तोंडाकडं बघून ते जरा नरमले होते. "घरी जाता-येता वाटेत आजारी माणूस असेल, तर चालता चालता विचारावं. थांबू नये."

आजारी माणूस म्हणजे त्याचीच बायको, जैनबी. लकवा मारल्यापासून ती सोप्यात बाजेवर पडून होती. सांगलीच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं, आणि का, ते सांगितलं नव्हतं. बोलता येत होतं तोवर ती एकच गोष्ट म्हणायची, आपल्या घरातलं कुणीतरी एकदा इतिकाफला बसावं. यंदा वस्तीतलं दुसरं कुणी तयार नव्हतं. बेदाण्याचा हंगाम, सगळी माणसं शेडवर. एकजण बसला तर सगळ्या वस्तीचं भागतं, कुणीच नाही बसलं तर गुन्हा सगळ्यांवर. दस्तगीर बसला. वस्तीसाठी म्हणून बसला, पण हात उचलून मागायचा ते तिच्यासाठी.

रोज जाता-येता तो बाजेशेजारून पाय न थांबवता विचारायचा, "बरं हाय ना?" ती बोट हलवायची. बस्स.

आज तो परसाकडून परत निघाला, तर शेजारची बनाबाई बाजेपाशी वारा घालत बसलेली. पोरगा शेडवर गेला की तीच बसायची.

"दस्तगीरभाऊ, सकाळधरनं कायतरी म्हणतीया वो ती. मला उमगंना. पाणी दिलं तर तोंड फिरवती."

दस्तगीरनं पाऊल आखडतं घेतलं, पण टाकलं. "जैनब, बरं हाय ना?"

बोट हललं नाही. हात उठला, आणि त्याच्या कुडत्याचं टोक तिच्या मुठीत आलं.

मूठ कसली, नुसती बोटं अडकली होती. त्यांत लहान लेकराएवढासुद्धा जोर नव्हता. पुढचं पाऊल टाकलं असतं तर कुडतं सुटलं असतं. त्याला ते कळत होतं. दार समोर होतं, दारापलीकडं मशिदीचा मिनार दिसत होता.

तो थांबला.

"काय गं?" तो वाकला. "काय पायजे?"

तिचे ओठ हलले. "पा..."

"पाणी? पाय दुखत्यात?"

तिनं डोळे मिटले. परत उघडले. "पा... पा..." कपाळावर घाम आला. शब्द घशाच्या अलीकडंच कुठंतरी अडकून राहिला. दस्तगीर बाजेवर टेकला, तिचं डोकं मांडीवर घेतलं, एकेक नाव घेत गेला, पोराचं, लेकीचं, नातवंडांचं. कशालाच तिची मान हलली नाही. हळूहळू बोटं सैल पडली आणि ती तशीच झोपली.

तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजीनंतर, त्यानं मौलानांना सांगितलं. काही लपवलं नाही.

मौलानांनी त्याला समोर बसवलं. "थांबलात, म्हणजे तुटला. मजबुरी होती, तुमच्यावर गुन्हा नाही. एका दिवसाची कजा करा, तेवढा दिवस भरून काढा. दिवस बुडताना, मगरिबला बसायचं, रोजा धरायचा, दुसऱ्या मगरिबला उठायचं."

"आनि वस्तीचं?"

"आता कुणी बसलं तरी ती नफल, ज्याच्या त्याच्या खुशीची. वस्तीवरची, पुऱ्या दहा दिवसांची सुन्नत गेली."

"म्या तिच्यासाठी मागत होतो," दस्तगीर म्हणाला.

"बसून राहा की चाचा. नफल म्हणून बसा. दुवाला कोण अडवतंय?"

दस्तगीरनं मान हलवली, पण त्याचे हात वळकटी बांधू लागले होते.

तो घरी आला तेव्हा दिवस कलला होता. बाजेशेजारी वळकटी ठेवून तो खाली जमिनीवर बसला. आता कितीही वेळ बसायला मोकळा होता.

जैनबीनं डोळे उघडले.

"सांग आता," तो म्हणाला. "काय म्हणत हुतीस? म्या आता कुठं जात न्हाई."

तिनं त्याच्याकडं बघितलं. मग मशिदीतनं परत आलेल्या वळकटीकडं. ती कितीतरी वेळ वळकटीकडंच बघत राहिली. दस्तगीर कान ओठांजवळ नेऊन थांबला. पण ओठ हलले नाहीत. चांगल्या हातानं बाजेची कड धरून, सगळा जीव एकवटून, ती भिंतीकडं वळली.

मशिदीत बांग झाली. बनाबाईनं खजुराची वाटी पुढं केली. "भाऊ, रोजा सोडा."

त्यानं एक खजूर उचलला, तोंडात घातला, आणि तो तसाच तोंडात धरून तिच्या पाठीकडं बघत बसला.