उजव्या बाजूची खुर्ची

पहिल्याच विनोदाला मंडप हसला आणि अपेक्षाचा जीव भांड्यात पडला.

"आमचे आप्पा बातम्या लावतात, तेव्हा आळीतल्या चार घरांना टीव्ही विकत घ्यायची गरज उरत नाही," असं तिनं वाचलं होतं. खुटबावची मंडळी हसली, आईच्या माहेरची कवठे येमाईची त्याहून मोठ्यानं हसली. ठरल्याप्रमाणे अपेक्षानं हशा ओसरेपर्यंत मनात तीन आकडे मोजले आणि माईक धाकट्या माऊलीकडे दिला.

आईआप्पांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून भावंडांनी हे भाषण तीन आठवडे घोटलं होतं. दोघंही चार-पाच वर्षं पुण्याला, ती नोकरीला, तो कॉलेजात, म्हणून तालीम फोनवरच. नियम तिनेच केले होते. एक चिमटा आप्पांना, एक आईला, मधे एक स्वतःला, म्हणजे कुणी रुसायचं नाही. पाहुण्यांची नावं घ्यायची नाहीत. एकानं सुरुवात करायची, दुसऱ्यानं टोला हाणायचा. हसवून हसवून शेवटच्या पानावर मनातलं बोलायचं. सगळं मिळून सहा मिनिटं.

"आप्पा, गोव्याला ट्रिप आहे, जाऊ?" माऊली म्हणाला.

"व्हय," अपेक्षानं आप्पांचा आवाज काढला.

"आप्पा, गाडी घेऊ?"

"व्हय."

"आप्पा, मी नापास झालो!"

"व्हय व्हय. लई झ्याक झालं!"

मंडप कोसळायचा बाकी राहिला. पुढच्या रांगेत विकास सोसायटीचे सभासद बसले होते. सोपानराव तर मांडीवर थापा मारत होते. दोन दिवसांनी सोसायटीच्या चेअरमनची निवड होती. आप्पा उभे होते आणि समोरून सोपानराव.

मग आईची पाळी. "आई प्रत्येक वाक्य दोनदा बोलते. एकदा कवठ्याच्या भाषेत आमच्यासाठी, एकदा खुटबावच्या भाषेत आप्पांसाठी."

लोक हसले. अपेक्षानं आकडे मोजता मोजता स्टेजवरच्या त्या दोन सजवलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं. आप्पा हसत होते, पण सगळ्यांच्या मागून. आधी त्यांनी आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग हसले. आणि आईच्या चेहऱ्यावर हसू होतं ते नुसतं ओठांवर. तिची बोटं शालूचा पदर पिळत होती.

माऊली मात्र रंगात आला होता. "आई कायम आप्पांच्या उजव्या हाताला बसते. पंगतीत, एसटीत, लग्नात. जागा नसली तर माणूस उठवते!"

आईनं मान अगदी जराशी हलवली. नको.

मोठा टीव्ही. व्हय व्हय. दोनदा बोलणं. उजवी बाजू. हे सगळे विनोद तिनेच हौसेनं गोळा केले होते, वहीत ओळीनं लिहिले होते, आणि त्यांचा अर्थ तिला आत्ता, चारशे माणसांसमोर लागत होता. पुढचा टोला होता आप्पांचा फोन कायम आईच उचलते याचा. तिनं माऊलीच्या कागदावर हात ठेवला.

"माझं एक पान हरवलंय," ती माईकमध्ये म्हणाली. "घरात वस्तू हरवण्याचं खातं माझ्याकडेच असतं."

थोडं हसू आलं. पण सोपानराव हसले नाहीत. ते मघापासून खुर्च्यांकडे निरखून पाहत होते.

"पोरी, पान ऱ्हाऊ दे," ते बसल्या जागेवरून म्हणाले. "वैनी उजवीकडंच का बसत्यात, तेवढं सांग की."

सगळ्या माना स्टेजवरच्या खुर्च्यांकडे वळल्या. आप्पांना लोकांचे चेहरे दिसले, आईचा उतरलेला चेहरा दिसला.

"काय म्हनला गं त्यो?" आप्पांनी विचारलं.

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याला गावात कुणी भैरा म्हणू नये, म्हणून चार वर्षं ती सावलीसारखी त्यांच्या उजवीकडे राहिली होती. आता लपवायचं तर काय आणि कसं? ती वाकली आणि सगळ्यांच्या देखत त्यांच्या उजव्या कानाशी सोपानरावांचं वाक्य जसंच्या तसं बोलली.

आप्पा उठले. त्यांनी हळूच अपेक्षाच्या हातातून माईक घेतला. तिला वाटलं, आपण बापाचं वाटोळं केलं. तिला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं.

"सोपानराव, बराबर इचारलंत," आप्पा म्हणाले. "मला डाव्या कानानं काय बी ऐकू येत न्हाई. उजव्यानं येतंय, ते बी जवळचं तेवढंच. मशिन घालायची लाज वाटत हुती मला. हिनं झाकलं, म्या झाकू दिलं. चेअरमन कुनाला करायचं त्यो आता तुमचा इचार, मंडळी."

सोपानरावांनी मान खाली घातली.

आप्पांनी माईक माऊलीच्या हातात दिला. आपली खुर्ची उचलून त्यांनी दोन्ही पोरांच्या अगदी पुढ्यात आणून ठेवली, बसले आणि उजवा कान अपेक्षाकडे केला.

"माझी पोरं मघाधरनं माझ्यासाठी बोलत्यात आन् मला त्यातलं एक अक्षर ठावं न्हाई," ते म्हणाले. "बाय, पयल्यापासनं वाच."