सरक ना बाई

पाडव्याच्या सकाळी भीमेच्या पाण्याच्या कावडी घेऊन गावातली तरणी पोरं भैरोबाच्या चौथऱ्यावर चढली, तेव्हा खाली उभी असलेली चांगुणा हसली. याचीच ती वाट बघत होती.

हायकोर्टाचा निकाल येऊन आठवडा झाला होता. देवळात जिथं पुरुष जातो तिथं बाईलाही जाता येतं, कायदाच तसा आहे, अडवणाऱ्याला सहा महिन्यांची कैद. त्यावर ट्रस्टचे अध्यक्ष आप्पासाहेब यांनी तोड काढली. चौथरा सगळ्यांनाच बंद. पुरुषही नाहीत, मग भेदभाव कुठला? पण पाडव्याची कावड चुकवायची कशी? पोरांनी कुलूप तोडलं, आप्पासाहेबांनी मान फिरवली.

चांगुणा पायऱ्यांकडे निघाली. आप्पासाहेब आडवे आले.

"चौथरा बंद हाय."

"मग वर कोन हायत? मानसं न्हाईत?"

बंदोबस्ताचा फौजदार पुढं झाला. "आप्पासाहेब, पुरुष चढलेत. आता हिला अडवलंत तर गुन्हा तुमच्यावर."

आप्पासाहेब बाजूला झाले.

चांगुणा वर गेली. तिनं हात जोडले नाहीत. देवाकडं पाठ करून गावाकडं तोंड केलं. गेल्या श्रावणात तिची निकिता इथं चढली होती. मातंगाची पोर, त्यात बाईमाणूस. दंडाला धरून तिला खाली ओढलं आणि तिच्यादेखत चौथरा दुधानं धुतला. पोरगी त्यानंतर गावात आलीच नाही.

"धुवा आता," चांगुणा ओरडली. "मी हितंच हाय. आना दूध!"

कुणी हललं नाही. धुतलं तर ॲट्रॉसिटी लागेल, हे फौजदाराकडं बघूनच कळत होतं.

तेवढ्यात आप्पासाहेबांची सून राजेश्वरी पूजेचं ताट घेऊन गर्दीतून पुढं आली. लग्न झाल्यापासून तिनं देव खालूनच पाहिला होता. ती पायऱ्या चढू लागली.

"राजेश्वरी, मागं फिर!" सासरे गरजले. ती फिरली नाही. शेवटच्या पायरीवर मात्र थांबली, कारण समोर चांगुणा उभी होती.

"वैनी, त्या दिवशीचं दूध तुमच्या गोठ्यातलं हुतं ना?"

राजेश्वरीची मान खाली गेली. "मामंजींनी मागितलं. मी घागर भरून दिली."

"माझी पोर रडत हुती तवा?"

ताटातलं निरांजन वाऱ्यानं फडफडत होतं. राजेश्वरीनं त्याच्याभोवती तळहात धरला.

"सरक ना बाई," ती हलकेच म्हणाली. "पहिल्यांदाच आलेय मी."

"माझी निकी बी पैल्यांदाच आल्ती."

चांगुणा सरकली नाही.