राक्षसाचा हात

"आजी, राक्षसाचा हात असा नाही पडत," ईरा म्हणाली.

सुट्टीला आलेल्या नातवंडांची चित्रं मी फुकटच्या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये हलती करते. शाळेतून निवृत्त झाले, तरी शिकवायची खोड गेली नाही. तिच्या चित्राचा फोटो घेऊन राक्षसाचा, कमरेचा पट्टा धरलेला हात मी कापला, वेगळ्या लेयरवर ठेवला आणि त्याचा फिरण्याचा बिंदू खांद्यावर रोवला. एका फ्रेमला हात खाली, पुढच्या एकीला वर, मग पुन्हा खाली. मधल्या फ्रेम्स सॉफ्टवेअर भरतं.

"हळू वर जातो. वर थोडा थांबतो. मग सटकन येतो."

वरची फ्रेम मी थोडी पुढे पुन्हा चिकटवली, म्हणजे हात तिथे थांबेल. शेवटची जवळ ओढली, म्हणजे वेग वाढेल. पट्टा चित्रातल्या खालच्या चिमुकल्या बाहुलीवर कोसळला. तिच्या धाकट्या भावाने, वेदने, डोळे गच्च मिटले.

"आता बरोबर," ईरा म्हणाली.

"कुठे पाहिलंस गं हे?"

ती बाही ओढून दंड झाकत राहिली.

संध्याकाळी माझा मुलगा पोरांना न्यायला आला. ईराच्या हातून त्याच्या शर्टावर चहा सांडला. त्याने कमरेचा पट्टा खेचून काढला. हात हळू वर गेला. वर थांबला.

तिथेच मी त्याचं मनगट धरलं आणि पाठीमागे असं पिरगळलं, की खांदा कडकन वाजला. तो गुडघ्यांवर कोसळला.

"आई, सोड!"

"आजी," ईरा म्हणाली, "इतक्यात नको सोडूस."