दोन ओळींची लालीबाई

संस्थेच्या यादीतल्या विधवा नवऱ्याच्या मृत्यूच्या तारखेनुसार लावल्या, तेव्हा गौरीला लालीबाई दोनदा दिसली. कळंब केंद्रात लालीबाई उत्तमसिंग राठोड. खालच्याच ओळीत, पुसद केंद्रात, लालीबाई धावजी चव्हाण. सासरी नवऱ्याचं नाव लागलं, माहेरी बापाचं. नावं जुळवून दुबार शोधणाऱ्या कॉम्प्युटरला त्या दोन बायका वाटल्या. तारीख मात्र एकच होती, आणि मुलांची नावंही तीच.

असे सत्तेचाळीस जोड निघाले. तिमाही अहवालात 'पेन्शनचा अर्ज दाखल' झालेल्या विधवा होत्या तीनशे एकसष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी तो अहवाल देणगीदारांपुढे गौरीलाच मांडायचा होता. संस्थेत लागून तिला वर्षही झालं नव्हतं.

"दुबार ओळी उडव," तिचे वरिष्ठ मधुसूदन सर घरी निघताना डबा पिशवीत ठेवत म्हणाले. "तीनशे चौदा उरतात. टार्गेट तीनशेचं आहे. काही बिघडत नाही."

बिघडत नव्हतंच. पण उडवायची कोणती? अर्ज कुठल्या तहसीलला दिला हे विचारायला तिने पुसद केंद्राच्या जयाला फोन लावला. जया लालीबाईच्या माहेरच्या तांड्यावरचीच, मानधनावर काम करणारी.

"मी नाही भरला ताई. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला कळंबले. तिकडंच भरला असन, म्हणून मी 'दाखल' लिवलं."

कळंबच्या ओळीपुढे शेरा होता: माहेरी राहते, अर्ज तिकडे दाखल.

गौरीने बाकीचे जोड उघडून पाहिले. सगळीकडे तेच, या केंद्राने त्या केंद्रावर ढकललेलं. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं. काहीच आलं नाही. तिने तीनशे चौदातून आणखी सत्तेचाळीस वजा केले.

"दोनशे सदुसष्ट," ती म्हणाली. "या बायकांचा अर्ज कुणीच भरलेला नाही, सर."

सर दारात थांबले. "तीनशेच्या खाली गेलं की देणगीचा पुढचा हप्ता बंद. जयाचं मानधन त्यातूनच जातं. एक ओळ राहू दे गं. एकदा तरी मोज त्यांना."

फोन चालूच होता. जयाने सगळं ऐकलं असणार.

गौरीने कळंबची ओळ उडवली. पुसदच्या ओळीतलं 'दाखल' खोडून 'बाकी' लिहिलं. सर जिना उतरून गेले.

'बाकी' लिहिलं की पुढे सध्याचा पत्ता भरावा लागे.

"जया, लालीबाई आता कुठे आहे?"

"ऊसतोडीले गेली ना. पोरंबी नेली संगं." मग जया साध्या आवाजात म्हणाली, "आता मलेबी तिकडंच जा लागन, ताई. भेटली त भरून घेईन तिचा अर्ज."